वर्गणीचा तगादा : नकार, मौन आणि भरणा

औषधांच्या दुकानांची बिले करून देणारी, गृहनिर्माण संस्थांचा जमाखर्च ठेवणारी किंवा शिकवणीवर्गांची हजेरी सांभाळणारी छोटी सॉफ्टवेअरे विकून चरितार्थ चालविणारे जे लोक आज सांगली-कोल्हापुरापासून नागपूर-अमरावतीपर्यंत आढळतात, त्यांच्यापैकी पुष्कळांनी एकरकमी किंमत घेण्याची जुनी रीत सोडून मासिक वर्गणीची रीत पत्करली आहे. आणि या एका बदलाबरोबर वसुलीचे असे एक काम त्यांच्या अंगावर येऊन पडले आहे, की ज्यासाठी पूर्वीच्या काळी पेढीवर स्वतंत्र कारकून ठेवावा लागला असता. ग्राहक आपल्या कार्डावर एकदा कायमची परवानगी देऊन ठेवतो, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला विक्रेत्याचा संगणक त्या कार्डावर मागणी पाठवितो, बहुतेक मागण्या निमूटपणे वसूल होतात आणि काही परत येतात. परत आलेल्या मागण्या पुन्हा केव्हा व किती वेळा पाठवाव्यात हा एक प्रश्न, आणि ‘आम्ही तर पैसे भरले आहेत’ असे निक्षून सांगणाऱ्या ग्राहकाला काय उत्तर द्यावे हा दुसरा, असे सामान्यतः मानले जाते. पहिला प्रश्न संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्याकडे आणि दुसरा दूरध्वनी उचलणाऱ्याकडे सोपवून विक्रेता निश्चिंत होतो. माझ्या मते हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, आणि त्याची दोन टोके दोन माणसांच्या हाती दिल्यामुळेच यातील बरेचसे तंटे उत्पन्न होतात. तो एक कसा, हे सांगण्यापूर्वी मागणीचा प्रवास पाहणे आवश्यक आहे.

विक्रेत्याची मागणी प्रथम पेमेंट गेटवेकडे जाते, तेथून विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेकडे, तेथून रूपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांपैकी एखाद्या जाळ्यामार्फत ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे. आणि त्या बँकेचे उत्तर याच वाटेने काही सेकंदांत उलट येते. हे उत्तर होकारार्थी असले म्हणजे पैसे विक्रेत्याला मिळाले असे समजण्याची चूक नवखा माणूस हमखास करतो. वस्तुतः येथे तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत कार्ड देणारी बँक रक्कम मंजूर करून ग्राहकाच्या बाजूला बांधून ठेवते. दुसऱ्या अवस्थेत विक्रेता किंवा त्याच्या वतीने गेटवे ती मंजूर रक्कम आपलीशी करतो, म्हणजे ‘कॅप्चर’ करतो. आणि तिसऱ्या अवस्थेत, साधारणतः एक-दोन कामकाजी दिवसांनी, इतर पुष्कळ रकमांसह एकत्र होऊन आणि गेटवेचे शुल्क वजा जाऊन ती विक्रेत्याच्या खात्यात जमा होते. ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर पैसे गेल्याचा निरोप पहिल्या अवस्थेतच येतो, तर विक्रेत्याच्या बँकेत त्याचा मागमूस तिसऱ्या अवस्थेपर्यंत दिसत नाही. मधल्या काळात ‘पैसे गेले’ म्हणणारा ग्राहक आणि ‘पैसे आले नाहीत’ म्हणणारा विक्रेता हे दोघेही आपापल्या वहीपुरते खरे बोलत असतात.

नकार आला तर त्याबरोबर दोन अक्षरांचा एक संकेत येतो, आणि पुढची सारी कारवाई त्या संकेतावर ठरावी. ५१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ४१ आणि ४३ म्हणजे कार्ड हरवल्याची किंवा चोरीस गेल्याची नोंद आहे. ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणाच त्या क्षणी उत्तर देण्याच्या स्थितीत नाही. यांखेरीज ०५ नावाचा एक संकेत आहे, की ज्याचा अर्थ ‘मान्य करू नका’ एवढाच होतो आणि ज्याच्या आड बँका आपली खरी कारणे झाकून ठेवतात. जुन्या कचेऱ्यांतून अर्जावर ‘नामंजूर’ एवढाच शेरा येत असे, त्याच जातीचा हा प्रकार आहे. पुष्कळ छोटे विक्रेते हे संकेत साठवीतच नाहीत. त्यांच्या दप्तरात ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ असे दोनच रकाने असतात, आणि मग ज्याचे कार्ड चोरीस गेले त्याला आणि ज्याचा पगार दोन दिवस लांबला त्याला एकच पत्र एकाच दिवशी जाते.

पुनर्मागणीच्या वेळापत्रकांविषयी जे मतप्रवाह आढळतात त्यांतला सर्वांत जुना आणि आळशी म्हणजे ठरावीक अंतराचा : पहिला नकार आला की दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या दिवशी पुन्हा मागणी करावी आणि तेवढ्याने भागले नाही तर वर्गणी स्थगित करावी. कित्येक गेटवेंची तयार व्यवस्था थोड्याफार फरकाने अशीच असते, आणि काहीच न करण्यापेक्षा ती बरी असते, हे मान्य केले पाहिजे. तिचा दोष असा, की ती नकाराचे कारण विचारात घेत नाही. महिन्याच्या २५ तारखेला ज्याच्या खात्यात शिल्लक नव्हती त्याच्या खात्यात २६, २७ आणि २८ तारखांनाही ती बहुधा नसणार, आणि जी एक मागणी पगार जमा झाल्यावर, म्हणजे १ किंवा २ तारखेला, सहज वसूल झाली असती तिच्यासाठी मग प्रयत्नच शिल्लक राहत नाही. उलट ९१ संकेताने परत आलेली मागणी दुसऱ्या दिवसापर्यंत रोखण्याचे काही कारण नसते. काही तासांनी ती बिनबोभाट मंजूर होण्याचा संभव पुष्कळ असतो. मुदत संपलेल्या कार्डावर मात्र दहा वेळा मागणी केली तरी दहाही वेळा तोच जबाब यायचा. तेथे बँकेला विचारण्यापेक्षा ग्राहकाला विचारणे हाच मार्ग. कार्ड हरवल्याचा किंवा चोरीचा संकेत आला तर पुन्हा एकही मागणी करू नये. व्हिसाच्या नियमांत अशा नकारांची एक स्वतंत्र वर्गवारी आहे आणि त्यांवर पुनर्मागणीस मनाईच आहे. इतर नकारांनंतरही ३० दिवसांत १५ पेक्षा अधिक वेळा तोच व्यवहार पुन्हा पाठविता येत नाही. ही मर्यादा छोट्या विक्रेत्याला ऐसपैस वाटेल, परंतु ती गाठण्याच्या पुष्कळ आधी आणखी एक हानी सुरू होते : एकाच विक्रेत्याकडून वारंवार येणाऱ्या निष्फळ मागण्या कार्ड देणाऱ्या बँकेच्या संशयास पात्र होतात, आणि त्या संशयाचे प्रायश्चित्त पुढे प्रामाणिक ग्राहकांच्या मागण्यांनाही भोगावे लागते.

भारतात या वेळापत्रकाला आणखी एक चौकट आहे. रिझर्व्ह बँकेने दि. २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डांवरील आवर्ती व्यवहारांसाठी ई-मँडेटची पद्धत घालून दिली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिच्या बाहेरचे आवर्ती व्यवहार बंद पडले. पहिल्या नोंदणीच्या वेळी ग्राहकाने ओटीपीसारख्या अतिरिक्त प्रमाणीकरणाने संमती द्यावयाची. त्यापुढील प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने त्याला रक्कम, तारीख व विक्रेत्याचे नाव कळवावयाचे. आणि त्या एका वसुलीपुरती किंवा कायमची संमती काढून घेण्याची सोय ठेवावयाची, असा तिचा आशय आहे. ओटीपीशिवाय वसूल होऊ शकणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा प्रथम २,००० रुपये होती, ती पुढे ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. (विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाची देयके यांना डिसेंबर २०२३ पासून एक लाखाची सवलत आहे; सॉफ्टवेअर विकणाऱ्याला तिचा उपयोग नाही.) याचा एक परिणाम असा, की वार्षिक वर्गणी १८,००० रुपये ठेवणाऱ्या विक्रेत्याला आपोआप वसुलीची आशा सोडावी लागते, तर तीच वर्गणी मासिक केली की ती मर्यादेत सहज बसते. दुसरा परिणाम असा, की ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा पूर्ण क्रमांक विक्रेत्याने वा गेटवेने साठविण्यास बंदी झाल्याने विक्रेत्याच्या हाती केवळ शेवटचे चार आकडे, बँकेचे नाव आणि क्रमांकाऐवजी दिलेले एक टोकन एवढेच राहते, आणि ग्राहकाचे कार्ड बदलले की बहुधा संमती नव्याने घ्यावी लागते. म्हणून आपल्याकडे नकारांचा एक मोठा भाग पुनर्मागणीने कधीच न सुटणारा असतो. तेथे वेळापत्रकाचे कौशल्य व्यर्थ असून साधे, वेळेवर गेलेले पत्रच काम करते.

येथवर होकार आणि नकार यांचा विचार झाला. परंतु या व्यवसायात खरा अनर्थ घडविणारा तिसरा प्रकार आहे, तो म्हणजे मौन. मागणी गेली, पंचवीस-तीस सेकंद उलटले, आणि होकारही नाही की नकारही नाही. मधली जोडणी तुटली, किंवा गेटवेने आपला निरोप पाठविला तेव्हा विक्रेत्याचाच संगणक जागेवर नव्हता. अशा वेळी पैसे मंजूर झाले असतील किंवा नसतीलही. विक्रेत्याला ते माहीत नाही, एवढेच खरे. तथापि ज्याच्या दप्तरात ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ असे दोनच रकाने आहेत त्याचा कार्यक्रम या मौनाला निःशंकपणे ‘अयशस्वी’च्या रकान्यात टाकतो आणि तत्क्षणी तगाद्याचे सारे चक्र फिरू लागते. पुनर्मागणीचे वेळापत्रक आणि ‘पैसे भरले’ म्हणणारा ग्राहक हे दोन्ही या एकाच ठिकाणी जन्म घेतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. सांगलीचा एक विक्रेता औषधांच्या दुकानांसाठी बिलांचे सॉफ्टवेअर देतो. वर्गणी मासिक १,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २१६ रुपये, मिळून १,४१६ रुपये. विट्याच्या एका दुकानदाराची वसुली ५ मार्चला व्हावयाची आहे. ३ मार्चच्या संध्याकाळी बँक त्याला पूर्वसूचना देते. ५ तारखेस सकाळी सव्वादहाच्या सुमारास मागणी जाते. बँक ती मंजूर करते, दुकानदाराला पैसे कापल्याचा एसएमएस येतो. पण गेटवेकडून विक्रेत्याकडे येणारे उत्तर वाटेत हरवते. विक्रेत्याचा कार्यक्रम ‘अयशस्वी’ अशी नोंद करून दोन मिनिटांत पत्र धाडतो : आपली वर्गणी वसूल होऊ शकली नाही, सेवा खंडित होऊ नये म्हणून खालील दुव्यावरून त्वरित भरणा करावा. हे पत्र पडते दुकानदाराच्या मुलाच्या हाती, कारण नोंदणी करताना ईमेल त्याचाच दिलेला असतो. काउंटरवर गिऱ्हाइकांची गर्दी, बिले बंद पडली तर पंचाईत, म्हणून मुलगा आपल्या यूपीआयवरून १,४१६ रुपये लगेच भरून टाकतो. विक्रेत्याच्या वहीत वर्गणी ‘भरली’ अशी नोंद होते आणि त्याच्या दृष्टीने प्रकरण संपते. संध्याकाळी दुकानदार बँकेचे दोन निरोप जुळवून पाहतो आणि दूरध्वनी करतो.

“अहो साहेब, सकाळी कार्डातून पैसे गेले, दुपारी पोराकडून पुन्हा घेतलेत. एका महिन्याचे दोनदा पैसे कसले?”

दूरध्वनीवर बसलेला माणूस आपल्या समोरच्या पडद्यावर पाहतो, तेथे यूपीआयचा एकच भरणा दिसतो, आणि तो प्रामाणिकपणे उत्तर देतो, “काका, आमच्याकडे एकदाच आलेत. कार्डाचे आलेच नाहीत.” दुकानदार स्क्रीनशॉट पाठवितो, इकडून पुन्हा तेच उत्तर जाते, आणि तिसऱ्या संभाषणात ‘फसवणूक’ हा शब्द उच्चारला जातो.

वस्तुतः या तंट्याचा निकाल लावण्यास स्क्रीनशॉटाची गरजच नाही. तो ना पुरावा ठरतो ना खुलासा. दुकानदाराकडून चार गोष्टी विचाराव्यात : कार्डाचे शेवटचे चार आकडे, नेमकी रक्कम, निरोपाची तारीख व वेळ, आणि बँकेच्या विवरणात दिसणारा बारा अंकी संदर्भ क्रमांक, ज्याला बँकेतील लोक आरआरएन म्हणतात. (पूर्ण कार्ड क्रमांक, मागचा तीन अंकी आकडा किंवा ओटीपी कोणत्याही सबबीवर विचारू नये, ज्या विक्रेत्याचे कर्मचारी ते विचारतात त्याच्या नावाने पुढे चोरटे लोकही ते विचारतात आणि ग्राहकाला फरक कळत नाही.) मग स्वतःच्या वहीत न शोधता गेटवेच्या दप्तरात त्या ५ मार्चच्या मागणीच्या क्रमांकाने चौकशी करावी. या प्रकरणात तेथे नोंद सापडते : रक्कम मंजूर, परंतु कॅप्चर झालेली नाही. आता विक्रेत्यापुढे दोन मार्ग आहेत. यूपीआयचा भरणा झाला नसता तर ही उशिरा हाती लागलेली मंजुरी कॅप्चर करून वर्गणी जमा धरता आली असती. तो झाला आहे म्हणून ती कॅप्चर न करता सोडून द्यावी, म्हणजे बांधलेली रक्कम ग्राहकाकडे परत जाते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार कार्डाने केलेल्या ऑनलाइन व्यवहारात खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याकडे पुष्टी पोहोचली नाही तर ती व्यवहाराच्या दिवसापासून ५ दिवसांच्या आत आपोआप परत मिळावयास हवी, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही द्यावयास हवी. म्हणजे दुकानदाराला सांगावयाचे ते इतकेच : सकाळची रक्कम आमच्याकडे आलेली नाही, ती बँकेने बांधून ठेवली आहे, ती १० मार्चपर्यंत आपल्या खात्यात परत येईल, न आल्यास हा आरआरएन दाखवून आपल्या बँकेकडे तक्रार करावी, आणि आपली वर्गणी यूपीआयच्या भरण्याने ५ एप्रिलपर्यंत चालू आहे. तारीख आणि क्रमांक मिळालेला माणूस क्वचितच भांडतो.

परंतु समजा, विक्रेत्याच्या गेटवेची मांडणी मंजुरीबरोबर आपोआप कॅप्चर होण्याची होती. मग सकाळची रक्कमही खरोखर विक्रेत्याची झालेली आहे, वरील पाच दिवसांचा नियम तिला लागू नाही, आणि ती विक्रेत्याने स्वतः परतावा काढून दिली पाहिजे. ‘आपोआप येईल’ असे सांगून वाट पाहत बसल्यास ती कधीच येणार नाही. ज्यांची वर्षानुवर्षे तक्रार चालते अशा प्रकरणांत हा गोंधळ वारंवार दिसतो. परतावा दिल्यावर त्याचा स्वतंत्र संदर्भ क्रमांक ग्राहकाला कळवावा, कारण तो बँकेत पोहोचून खात्यावर दिसेपर्यंत कित्येक कामकाजी दिवस जातात आणि तेवढ्या काळात ग्राहकाच्या हाती त्या क्रमांकाखेरीज काहीच नसते.

हा सारा प्रसंग टाळण्याचा उपाय दप्तरात तिसरा रकाना उघडण्याचा आहे. उत्तर न आलेल्या मागणीची नोंद ‘अनिश्चित’ अशी करावी. ती तशी असेपर्यंत पत्र जाऊ नये, दुसरी मागणी जाऊ नये, भरण्याचा दुवा तर मुळीच जाऊ नये. दर काही मिनिटांनी आणि मग दर तासाला गेटवेकडे तिची स्थिती विचारावी आणि होकार किंवा नकार निश्चित झाल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. शिवाय प्रत्येक मागणीस ग्राहक आणि महिना यांपासून बनलेला एक अचल क्रमांक द्यावा, म्हणजे तीच मागणी चुकून दोनदा गेली तरी गेटवे तिला एकच समजून पहिलेच उत्तर परत देतो. कार्यक्रम लिहिणारे याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात आणि बहुतेक गेटवे ती स्वीकारतात. हा क्रमांक प्रत्येक प्रयत्नागणिक नवा बनविणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत. त्यांत ही सोय असून नसल्यासारखी होते. नकार निश्चित झाल्यानंतर केलेली पुनर्मागणी मात्र नवा प्रयत्न असल्याने तिला नवा क्रमांक हवा, अन्यथा गेटवे पाच तारखेचा जुनाच नकार पुन्हा ऐकवू शकेल.

‘पैसे भरले’ म्हणणारे सर्वच ग्राहक विट्याच्या दुकानदाराइतके खरे नसतात. पण जाणूनबुजून खोटे बोलणारे त्यांहूनही विरळ. पुष्कळांनी वाचलेला निरोप म्हणजे बँकेची पूर्वसूचनाच असते : १,४१६ रुपये ५ तारखेला कापले जातील, या वाक्यातील भविष्यकाळ घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे, कारण त्या निरोपाची तारीख वसुलीच्या आधीची असते आणि त्यात खात्याची शिल्लक नसते. काहीजण पुराव्यादाखल विक्रेत्याचेच बीजक पाठवितात. यात दोष विक्रेत्याचा आहे, कारण वसुलीपूर्वी पाठविलेल्या जीएसटी बीजकावर ‘देय’ असे ठळक न लिहिल्यास ग्राहक त्याला पावती समजणारच. काहींनी खरोखर पैसे भरलेले असतात, पण ते मागच्या महिन्याचे, किंवा दुकानाच्या दुसऱ्या शाखेच्या नोंदणीवर, किंवा सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या गावच्या माणसाच्या हाती रोख. आणि काहींच्या विवरणात विक्रेत्याचे नाव उत्पादनाच्या नावाहून निराळे छापलेले असल्याने त्यांनी आपलाच भरणा ओळखलेला नसतो, किंवा दुसऱ्या कोणाचा आपला म्हणून धरलेला असतो. तारखांचाही एक चकवा आहे : विक्रेत्याचा संगणक जागतिक वेळेनुसार नोंद करीत असेल तर ६ तारखेस पहाटे तीन वाजता झालेला भरणा त्याच्या वहीत ५ तारखेच्या रात्री साडेनऊला पडतो, आणि दोन्ही बाजू आपापल्या तारखेवर अडून बसतात.

या निरनिराळ्या प्रकारांतील कोणता आहे, हे ठरेपर्यंत सेवा थांबवावी काय, याविषयी विक्रेत्यांत मतभेद आहेत. कठोर पक्षाचे म्हणणे असे, की मुदतीनंतर चार दिवस वाट पाहिली की पुरे. उदार पक्ष महिनाभर थांबतो आणि मग थकबाकीचे डोंगर मोजीत बसतो. मला वाटते, निश्चित नकार आलेल्या ग्राहकाला दहा दिवसांची सवलत ही या धंद्याच्या मानाने योग्य मुदत आहे, कारण तीत साधारणतः एक पगाराची तारीख किंवा दुकानाच्या उधारी-वसुलीचा एक आठवडा येऊन जातो. त्यानंतर नवी बिले बंद करावीत, पण जुनी बिले पाहण्याची आणि आपली नोंद उतरवून घेण्याची वाट उघडी ठेवावी, कारण तो माल ग्राहकाचा आहे. मात्र ज्याने भरण्याचा दावा केला आहे आणि ज्याची रुजुवात झालेली नाही, त्याची सेवा मुदत उलटली तरी थांबवू नये. अशा एका ग्राहकामागे फार तर एका महिन्याची वर्गणी धोक्यात असते. काउंटरवर औषधासाठी उभ्या असलेल्या रोग्यासमोर बिल निघाले नाही, तर गेलेला ग्राहक परत येत नाही आणि त्याच पेठेतील आणखी दोघे-तिघे त्याचे ऐकतात.

तगाद्याच्या पत्रात ‘आपण पैसे भरले नाहीत’ असे लिहिण्याऐवजी ‘५ मार्चला ४४१२ या शेवटच्या आकड्यांच्या कार्डावरील मागणी आपल्या बँकेने मंजूर केली नाही’ असे लिहावे; शक्य असेल तेथे कारणही द्यावे, आणि पुढची मागणी कोणत्या तारखेस जाईल ते सांगावे. पुढच्या मागणीची तारीख माहीत नसलेला ग्राहक घाबरून दुव्यावरून पैसे भरतो आणि दोन दिवसांनी आपोआप गेलेली मागणीही वसूल होते. त्यासाठी दुव्यावरून भरणा होताच ठरलेल्या पुनर्मागण्या रद्द होतात की नाही, हे विक्रेत्याने स्वतः एकदा आपल्याच कार्डावर करून पाहावे. पुष्कळ ठिकाणी त्या रद्द होत नाहीत.

राहता राहिली रोजची रुजुवात, जी सर्वांना ठाऊक असते आणि कोणी करीत नाही. विक्रेत्याची स्वतःची मागण्यांची वही, गेटवेची व्यवहारांची यादी आणि बँकेचे विवरण, या तिन्ही कागदांचा दररोज सकाळी मेळ घालावा. येथे नवखा माणूस बँकेच्या विवरणात १,४१६ हा आकडा शोधतो आणि तो सापडत नाही म्हणून ग्राहकालाच खोटे ठरवितो. गेटवेचे शुल्क दोन टक्के धरले तर २८.३२ रुपये, त्यावरील जीएसटी ५.१०, म्हणजे या एका वसुलीपोटी १,३८२.५८ रुपये येतात, आणि तेही एकटे न येता त्या दिवशीच्या सर्व वसुल्यांच्या एकाच बेरजेत. म्हणून बँकेच्या बेरजेचा मेळ गेटवेच्या जमा-यादीशी आणि त्या यादीतील प्रत्येक ओळीचा मेळ आपल्या मागणीशी, अशा दोन पायऱ्यांनी जावे लागते. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, म्हणजे गेटवेकडे आली आहे पण आपल्या वहीत जिची मागणीच नाही, ती उत्पन्नात न धरता तसलमातीत ठेवावी आणि आठवड्याच्या आत तिचा छडा लावावा. ‘भरले’ म्हणणाऱ्या ग्राहकांपैकी कित्येकांचे पैसे नेमके तेथेच निमूट पडून असतात. दोनशे ग्राहकांच्या विक्रेत्याला हे काम रोज अर्ध्या तासाहून अधिक नाही.

हे न केल्यास प्रकरण शेवटी ग्राहकाच्या बँकेकडे जाते. एकाच वर्गणीचे पैसे दोनदा गेले, किंवा रद्द केलेली वर्गणी कापली गेली, अशी तक्रार ग्राहक आपल्या बँकेकडे करू शकतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी तिला १२० दिवसांची मुदत असते. अशा तक्रारीत रक्कम प्रथम विक्रेत्याकडून काढून घेतली जाते, गेटवे त्यावर स्वतंत्र शुल्क लावतो, आणि नंतर विक्रेत्याचे म्हणणे ऐकले जाते. त्या वेळी दाखल करावयाचे कागद म्हणजे ग्राहकाने संमती दिल्याची नोंद व तारीख, वसुलीच्या दिवसापासून सेवा वापरली गेल्याचा दाखला, दुसरा भरणा झाला असल्यास त्याचा स्वतंत्र क्रमांक आणि परताव्याचा क्रमांक. सात-आठ दिवसांच्या मुदतीत हे चारही सादर करता यावेत म्हणून ते मागणीच्या नोंदीपाशीच साठविलेले असावे लागतात. रक्कम १,४१६ रुपयांची असेल आणि दोनदा वसूल झाल्याचे आपल्याच दप्तरावरून दिसत असेल, तर मात्र हरकत न घेता तक्रार मान्य करावी. परतावा आधीच दिला असेल तेवढे मात्र त्याचा क्रमांक जोडून अवश्य कळवावे, नाहीतर तीच रक्कम ग्राहकाला दोनदा परत जाते आणि ती त्याच्याकडून पुन्हा मागण्याची वेळ येते.